दाढीच्या आणि केसांच्या तेलाला वास कोणता असावा?

युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलाचा नियम बदलला आहे. अॅलर्जी घडवू शकणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावं बाटलीवर छापा, असा जुना नियम होता. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेली गेली आणि बाजारात नव्याने येणाऱ्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरली. त्यामुळे तिकडून मागवलेल्या दाढीच्या तेलाच्या बाटलीवर लिमोनीन, लिनालूल, सिट्राल, युजेनॉल, जिरॅनिऑल अशी नावांची रांग दिसते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर मात्र त्याच जागी ‘परफ्यूम’ हा एकच शब्द असतो.

हे पाहून वाचणाऱ्याला वाटतं, पहिल्या बाटलीत रसायनं ओतलीत आणि दुसरी साधी-सोज्वळ आहे. प्रत्यक्षात लिमोनीन संत्र्याच्या सालीत असतं, युजेनॉल लवंगेत, जिरॅनिऑल गुलाबात आणि सिट्राल गवती चहात. शंभर टक्के नैसर्गिक लॅव्हेंडर तेल घातलं तरी लेबलावर लिनालूल लिहावंच लागतं. म्हणजे लांब यादीच्या बाटलीत काय आहे ते निदान कळतं. एका शब्दाच्या बाटलीत ते कळत नाही.

मग वास निवडायचा कसा? त्यासाठी आधी दोन तक्रारी वेगळ्या कराव्या लागतात. ‘तेलाने पुळ्या येतात’ आणि ‘तेलाने खाज सुटते’ या दोन्ही गोष्टी आपण एका दमात बोलतो, पण त्यांचे गुन्हेगार बहुतेक वेळा वेगवेगळे असतात.

## छिद्रं बुजवतं कोण?

तेलाच्या बाटलीत दोन भाग असतात. ९८-९९ टक्के असतं ते बेस तेल, म्हणजे खोबरेल, बदाम, जोजोबा, तीळ किंवा खनिज तेल. उरलेला टक्का-दीड टक्का वासाचा. हा वास इसेन्शियल ऑइलचा असतो, म्हणजे वनस्पतीतून ऊर्ध्वपातनाने किंवा साल दाबून काढलेल्या उडून जाणाऱ्या तेलाचा, नाहीतर प्रयोगशाळेत जुळवलेल्या सुगंधाचा.

वास आपल्या नाकापर्यंत पोचतो तोच मुळी ती द्रव्यं हवेत उडतात म्हणून. त्यांचा बराचसा भाग काही तासांत निघून जातो. छिद्राच्या तोंडाशी बसून राहायला तिथे मुक्काम करणारं काहीतरी लागतं, आणि ते असतं बेस तेल. त्यामुळे ‘चंदनाच्या वासाने पुळ्या येतात का, मोगऱ्याच्या येतात का’ हा प्रश्न विचारण्याआधी बाटलीतलं बेस तेल पाहावं.

खोबरेल केसांसाठी उत्तम आहे, पण तेलकट चेहऱ्याच्या माणसाच्या दाढीखाली ते अनेकदा त्रास देतं. केसांना थापलेलं जड तेल कपाळावर ओघळलं की केसांच्या रेषेलगत बारीक पुळ्यांची ओळ उठते. त्वचारोगतज्ज्ञांना ही ओळ इतकी परिचित आहे की तिला ‘पोमेड अॅक्ने’ असं स्वतंत्र नावच आहे. तेलांना शून्य ते पाच असे ‘छिद्र बुजवण्याचे गुण’ देणारे तक्ते इंटरनेटवर सापडतात. त्यांचा उगम सशाच्या कानावर केलेल्या चाचण्यांत आहे, आणि सशाचा कान आपल्या गालापेक्षा कितीतरी लवकर बुजतो. तक्ता दिशा दाखवायला ठीक आहे, पण तो शेवटचा शब्द मानू नये.

वासाच्या बाजूने छिद्रं बुजण्याचा धोका येतो तो एका आडवाटेने. सुगंध पातळ करण्यासाठी आणि तेल चिकट लागू नये म्हणून आयसोप्रोपिल मिरिस्टेट नावाचं द्रव्य वापरतात. छिद्रं बुजवणाऱ्यांच्या यादीत ते बरंच वर आहे. मुरुमांची सवय असलेल्या माणसाने लेबलावर हे नाव दिसलं तर ती बाटली परत ठेवावी.

कोंडा असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कोंड्याशी जोडलेली मॅलॅसेझिया ही बुरशी स्निग्ध आम्लांवर जगते आणि बहुतेक वनस्पती तेलांत तीच भरलेली असतात. अशा टाळूला किंवा दाढीला स्क्वालेन किंवा शुद्ध खनिज तेल हा बेस जास्त मानवतो, कारण त्यात बुरशीला खायला काही नसतं. वास बदलून हा प्रश्न सुटत नाही.

## खाज दोन तऱ्हेची

मिरचीचा हात डोळ्याला लागला तर घरातल्या प्रत्येकाचे डोळे झोंबतात, पण वांगं खाल्ल्यावर जीभ खाजते ती घरातल्या एखाद्याचीच. सुगंधाच्या बाबतीतही हेच दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार सरळ जळजळीचा. दालचिनी, लवंग किंवा पेपरमिंट प्रमाणाबाहेर घातलं की कुणाचीही त्वचा चुरचुरते, तीही काही मिनिटांत. प्रमाण कमी केलं की त्रास थांबतो.

दुसरा प्रकार अॅलर्जीचा, आणि तो जास्त चकवणारा आहे. शरीर एखादं द्रव्य शत्रू म्हणून ओळखायला शिकतं. ते शिकायला किमान दहा-बारा दिवस लागतात, कधी कधी वर्षंही. एकदा शिकलं की पुढे प्रत्येक वेळी ते द्रव्य लागल्यावर एक ते तीन दिवसांनी पुरळ उठतं. ‘मी हेच तेल चार वर्षं वापरतोय, त्याचा दोष कसा असेल?’ असं लोक म्हणतात ते या उशिरामुळेच. शिवाय ही ओळख सहसा पुसली जात नाही. मग तोच वास साबणात, आफ्टरशेव्हमध्ये, देवघरातल्या अत्तरात, जिथे लागेल तिथे त्रास देतो. म्हणून मी जळजळीपेक्षा अॅलर्जीला जास्त भितो.

त्यात आपल्या त्वचेचा रंग आणखी फसवतो. पुस्तकांत ‘लाली’ असं लक्षण लिहिलेलं असतं, पण सावळ्या त्वचेवर लाली सहजी दिसत नाही. आपल्याकडे सुगंधाची अॅलर्जी कित्येकदा खाजेशिवायच, हळूहळू पसरणाऱ्या करड्या-तपकिरी डागांच्या रूपात येते. कानशिलं, गालाच्या कडा, कपाळ आणि मान काळपट दिसू लागते. माणूस उन्हाला दोष देतो, उटणं लावतो आणि तेल चालूच ठेवतो. हे डाग जायला महिनोन्‌महिने लागतात.

शोधायची जागाही चुकते. टाळूची त्वचा जाड आणि सोशिक असते. केसांच्या तेलाची अॅलर्जी टाळूवर न दिसता कानामागे, पापण्यांवर, मानेवर आणि कपाळावर दिसते, म्हणजे जिथे तेल ओघळतं किंवा उशीवरून लागतं तिथे. बायकोच्या किंवा लहान मुलाच्या गालावर पुरळ आलं आणि दोषी निघाली बाबाची दाढी, असंही घडतं.

## बाटलीतला वास जुना होतो

मला वाटतं, सुगंध निवडताना सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या गोष्टीकडे. ताजं लिमोनीन आणि ताजं लिनालूल ही त्वचेसाठी तशी सौम्य द्रव्यं आहेत. पण बाटली उघडली, हवा लागली की ती ऑक्सिजनशी जुळून हायड्रोपरॉक्साइड बनतात, आणि ही नवी द्रव्यं अॅलर्जी घडवण्यात मूळ द्रव्यापेक्षा फार तिखट असतात. म्हणजे संत्र्याचं जे तेल दिवाळीत बाधलं नाही, तेच अर्ध्या बाटलीत उन्हाळाभर खिडकीत राहिलं तर पावसाळ्यात बाधू शकतं. टी ट्री आणि लॅव्हेंडरचीही गत हीच.

खवट झालेलं खोबरेल नाकाला लगेच कळतं. लिंबूवर्गीय वास मात्र जुना झाला तरी बराच काळ छान वाटत राहतो. थोडा सपाट होतो, टर्पेंटाइनच्या अंगाने जातो, पण जाणकार नसलेल्याला ते कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तीव्र वास बेस तेलाचा खवटपणाही झाकतो. म्हणून घमघमाट सुटणाऱ्या तेलाबद्दल मला नेहमी थोडी शंका असते.

उपाय साधे आहेत. गडद रंगाची छोटी बाटली घ्यावी, झाकण घट्ट लावावं, ती बाथरूममधल्या गरम दमट कपाटात ठेवू नये. उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहावी. लिंबूवर्गीय, टी ट्री आणि लॅव्हेंडरचं तेल उघडल्यावर वर्षाच्या आत संपवावं. तेलात अर्धा टक्का व्हिटॅमिन ई घातलं तर खवटपणा लांबतो, थांबत नाही.

## मग कोणते वास धरायचे, कोणते सोडायचे?

पहिल्यांदा सोडायचे ते दालचिनी आणि लवंग. दालचिनीच्या सालीच्या तेलात मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड असतं. त्वचेवर राहणाऱ्या तेलात दालचिनीच्या सालीच्या तेलाची सुरक्षित मर्यादा ०.०७ टक्क्याच्या आसपास धरतात. ३० मिलीच्या बाटलीत एक थेंब घातला तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ‘मसालेदार, मर्दानी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दाढीच्या तेलात हे वास हमखास सापडतात. गवती चहाचं तेलही याच पंक्तीत बसतं, कारण त्यातलं सिट्राल अॅलर्जीसाठी ओळखलं जातं.

लिंबूवर्गात एक वेगळी भानगड आहे. बर्गामॉट, लिंबू आणि कागदी लिंबाचं साल दाबून काढलेलं तेल त्वचेवर असताना ऊन लागलं, तर बर्गाप्टेनसारख्या द्रव्यांमुळे भाजल्यासारखं होऊन काळा डाग उरतो. सकाळी दाढीला तेल लावून दुचाकीवरून तासभर उन्हात जाणाऱ्याला हे वास चालणार नाहीत. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या कागदी लिंबाच्या तेलात किंवा बर्गाप्टेन काढून टाकलेल्या बर्गामॉटमध्ये हा दोष नसतो. गोड संत्र्याचं तेल उन्हाच्या बाबतीत ठीक आहे, पण जुनं होण्याच्या बाबतीत नाही.

मोगरा-चमेली आणि इलँग-इलँग हे आवडीचे वास, पण चमेलीचा अर्क आणि इलँग-इलँग दोन्ही अॅलर्जीच्या यादीत आहेत. केसांच्या टोकांना लावायच्या तेलात, अगदी थोडं असेल तर हरकत नाही. दाढीत मी घालणार नाही.

धरायचे वास म्हणजे जड, मातकट, लाकडी वास. चंदन, वाळा आणि सीडरवूड ही तेलं हवेने तितक्या लवकर बिघडत नाहीत, वास टिकाऊ असल्याने थोडी पुरतात आणि अॅलर्जीच्या तक्रारीही तुलनेने कमी असतात. कमी असतात, शून्य नसतात. चंदनालाही काही लोकांची त्वचा उठते. अस्सल चंदन महाग असल्याने भेसळ भरपूर होते, म्हणून मी वाळ्याकडे झुकतो. थोड्यातही वास देणारं हे तेल आपल्या हवेला आणि नाकाला सवयीचंही आहे.

## ३० मिली दाढीचं तेल, आकड्यांसह

समजा एका तरुणाची त्वचा तेलकट आहे, दाढीत थोडा कोंडा आहे, कामासाठी रोज उन्हात फिरावं लागतं आणि त्याला संत्रं-दालचिनीचा वास हवा आहे.

बेस म्हणून ३० मिली स्क्वालेन घेऊ, कोंड्याला खायला न मिळावं म्हणून. दालचिनी कापून टाकू. संत्र्याचा हट्टच असेल तर ताजी, छोटी बाटली आणून एखादा थेंब, नाहीतर वगळू. वाळा आणि सीडरवूड मिळून वासाचं एकूण प्रमाण अर्धा टक्का ठेवू. तीस मिलीचा अर्धा टक्का म्हणजे ०.१५ मिली. इसेन्शियल ऑइलच्या एका मिलीत साधारण २० ते २५ थेंब बसतात, म्हणजे इथे सगळे मिळून तीन ते चार थेंब. वाळ्याचं तेल घट्ट असल्याने थेंब मोठा पडतो, तेव्हा तिथे हात आखडता घ्यावा. सोनारकामाचा छोटा काटा असेल तर थेंब मोजण्यापेक्षा वजन करणं चांगलं.

तीन-चार थेंब ऐकून लोक निराश होतात. पण दाढी नाकाच्या खाली असते! सकाळी लावलेले तेलाचे चार-पाच थेंब, म्हणजे ०.२ मिलीच्या आसपास, त्यात सुगंध फक्त एक मिलिग्रॅम. तो दिवसभर आपल्याच श्वासात असतो. शेजारच्याला यावा म्हणून प्रमाण वाढवलं की वास कळेनासा होतो तो आपल्याच नाकाला, कारण नाकाला सवय होते. मग माणूस आणखी थेंब घालतो.

डोक्याच्या तेलात गणित बदलतं. मालिशीला पाच-दहा मिली तेल लागतं. त्यात एक टक्का वास असेल तर डोक्यावर ५० ते १०० मिलिग्रॅम सुगंध जातो, म्हणजे दाढीच्या कितीतरी पट. तेल तासाभरात धुणार असाल तर एक टक्का चालेल. रात्रभर ठेवणार असाल तर अर्ध्यावर या आणि तेल केसांना लावा, कपाळाच्या रेषेपासून बोटभर मागे.

## ‘पण हे सगळं नैसर्गिक आहे ना?’

आहे, आणि बिब्बाही नैसर्गिकच आहे. एका इसेन्शियल ऑइलमध्ये शंभराहून अधिक घटक असू शकतात, आणि त्यांचं प्रमाण दर हंगामात बदलतं. प्रयोगशाळेतल्या सुगंधात अॅलर्जीची द्रव्यं मुद्दाम वगळता येतात. पण तसं केलंय की नाही हे लेबलाने सांगायला हवं. ‘परफ्यूम’ एवढाच शब्द असेल तर नैसर्गिक-कृत्रिम हा वादच निरर्थक, कारण आत काय आहे ते माहीत नाही.

अत्तराबद्दलही हेच सांगेन. कनौजची जुनी पद्धत चंदनाच्या तेलात फुलांचा वास उतरवण्याची होती. आज स्वस्त अत्तरात चंदनाऐवजी खनिज तेल किंवा प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती थॅलेटं असतात. मनगटावर टिपका लावणं वेगळं, ते तेलात मिसळून गालभर चोळणं वेगळं. मेणबत्तीसाठी विकले जाणारे सुगंध तर त्वचेसाठी बनवलेलेच नसतात.

## ‘आजी घरी तेल कढवायची, तिला कधी काही झालं नाही’

आजीच्या तेलाचा वास सौम्य असायचा, हे त्यामागचं एक कारण. वाळा, नागरमोथा, कापूरकचरी, माका, जास्वंद खोबरेलात मंद आचेवर कढवलं की त्यांचा सुगंध तेलात उतरतो तो जरासाच. बराचसा वाफेबरोबर उडतो. वाळ्याची काडी आणि वाळ्याचं इसेन्शियल ऑइल यांत तीव्रतेचा फरक प्रचंड आहे. घरी करायचं असेल तर ही पद्धत मला मनापासून आवडते. फक्त पाण्याचा अंश पूर्ण जायला हवा, चर्रचर्र आवाज थांबेपर्यंत. पाणी राहिलं तर तेल लवकर बिघडतं आणि मग वासाने नाही, त्या बिघडलेल्या तेलाने टाळू खाजते.

## ‘थंड वाटतं म्हणजे टाळूला चांगलं’

कापूर आणि मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतात. टाळूचं तापमान उतरत नाही, थंडावा फक्त जाणवतो. या जाणिवेखाली खाज दबते, त्यामुळे तेलानेच पुरळ उठत असेल तरी ते तेल लावल्यावर बरं वाटतं, म्हणून माणूस रोज लावतो. थंड तेल लावलं की बरं आणि उतरलं की जास्त खाज, असं चक्र दिसलं तर ते तेल महिनाभर बंद करून पाहावं. तान्ह्या बाळाला आणि लहान मुलांना कापराचं तेल लावूच नये.

टी ट्रीचंही असंच होतं. कोंड्यावर त्याचा उपयोग ज्या चाचणीत दिसला त्यात ५ टक्के टी ट्री असलेला शाम्पू होता, लावून काही मिनिटांत धुऊन टाकायचा. तेच ५ टक्के तेलात घालून रात्रभर ठेवणं ही वेगळीच गोष्ट आहे.

## ‘मग बिनवासाचंच का घेऊ नये?’

घ्यावं. ज्यांना आधीपासून इसब आहे, कोंड्याने टाळू सोललेली आहे, किंवा दाढी नुकतीच वस्तऱ्याने आखली आहे, त्यांना मी बिनवासाचंच सांगेन. फक्त शब्द नीट पाहावेत. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या बाटलीत मूळ तेलाचा वास झाकणारा सुगंध असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ लिहिलं असेल आणि घटकांत परफ्यूम किंवा कुठलंही इसेन्शियल ऑइल नसेल, तरच ते खरं बिनवासाचं.

## घरची चाचणी, नीट केलेली

‘चोवीस तास हातावर लावून पाहा’ हा सल्ला अपुरा आहे. त्यात जळजळ कळते, पण अॅलर्जी उशिरा येते म्हणून निसटते. बाटलीतलं तयार तेल, इसेन्शियल ऑइल थेट नव्हे, कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर रोज दोनदा लावा, तेही किमान सात दिवस, जमलं तर चौदा. खाज, खरखरीतपणा, बारीक पुटकुळ्या किंवा रंग गडद होणं यांपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबा. इथे पास झालेलं तेल पुढे कधीच बाधणार नाही, अशी खात्री मात्र ही चाचणी देत नाही. आधीपासून असलेली अॅलर्जी तेवढी ती पकडते.

छिद्रांची परीक्षा कोपरावर होत नाही. त्यासाठी जबड्याच्या एकाच बाजूला तेल लावून महिनाभर दोन्ही बाजू ताडून पाहाव्यात, कारण बुजलेलं छिद्र पुळी होऊन वर यायला आठवडे लागतात. केसांच्या मुळाशी पिवळसर टोकाच्या पुळ्या आल्या तर ती केसांच्या मुळांची सूज, म्हणजे बेस तेल जड होतंय किंवा चोळणं जोराचं होतंय. पुळीशिवाय नुसती खाज किंवा काळपटपणा असेल तर संशय वासावर घ्यावा.

पुरळ उठलंच तर वास असलेलं सगळं एकदम थांबवा, साबण आणि आफ्टरशेव्हसकट. बाटली फेकू नका. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पॅच टेस्ट करतात. संशयित द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या ४८ तास चिकटवून ठेवतात आणि साधारण ९६ तासांनी पुन्हा पाहतात. तेवढे दिवस पाठ ओली करायची नसते आणि आधी स्टिरॉइडची गोळी किंवा पाठीवर मलम लावत असाल तर ते सांगावं लागतं. त्या पट्ट्यांत ‘फ्रॅग्रन्स मिक्स’ नावाचं आठ सुगंधी द्रव्यांचं मिश्रण असतं. तुमच्या तेलातलं नेमकं द्रव्य त्यात नसलं तर डॉक्टर तुमच्या बाटलीतलंच तेल तपासतात, म्हणून ती लेबलासकट सोबत न्या.